दहा सेकंदांत बोरची मोटार: सेलूच्या वाइंडिंगच्या दुकानाची जाहिरात

6 नोव्हेंबर 2025, गुरुवार

बसस्टँडच्या मागच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचं काम आलं. मिस्तरी काका स्वतः स्टुडिओत आले होते, वहीच्या पानावर मजकूर लिहूनच. सेलूतल्या लोकल केबलवर रात्रीच्या बातम्यांच्या आधी जाहिरात लावायची आहे. केबलवाला दर दहा सेकंदांवर लावतो. अकरावा सेकंद निघाला की वीस सेकंदांचे पैसे, आणि तेवढे काकांना परवडत नाहीत. म्हणजे दहा सेकंद. एक फ्रेमही जास्त नाही.

काकांचा मजकूर असा: देवीचं नाव, मग "गेली बावीस वर्षे आपल्या सेवेत", मग सबमर्सिबल, मोनोब्लॉक, ओपनवेल, स्टार्टर, पॅनल, केबल, पाइप अशी यादी, "खात्रीशीर व माफक दरात", "शंभर टक्के गॅरंटी", "एक वेळ अवश्य भेट द्या", पत्ता, मोबाइल नंबर. मी स्टॉपवॉच लावून सावकाश वाचलं तर एकतीस सेकंद झाले. काका म्हणाले, "ताई, जरा पटापट वाचा की." पटापट वाचून पाहिलं. बावीस सेकंद, आणि नंबर सोडून काहीच कळलं नाही. नंबरही अर्धाच कळला.

गॅरंटीचा मुद्दा लगेच निकालात काढला. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम 1994 मध्ये सातवा नियम जाहिरातींचा आहे. सिद्ध करता येणार नाही असा गुण मालाला चिकटवायचा नाही, असं त्यात आहे. जळालेल्या मोटारीचं वाइंडिंग पुन्हा जळणार नाही याची शंभर टक्के हमी कोणीच देऊ शकत नाही, कारण लाइन कशी येईल ते काकांच्या हातात नाही. हे त्यांनाही पटलं. "लाइनची गॅरंटी कोन देतंय," म्हणाले.

7 नोव्हेंबर, शुक्रवार

मजकुराला हात लावायच्या आधी दुकानात दोन तास बसले. ही सवय मी सोडत नाही. दुकानदार जे लिहून आणतो ते दुकानाच्या बोर्डावरचं असतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन पहिलं वाक्य काय बोलतो, जाहिरातीला ते हवं असतं.

साडेअकराला एक शेतकरी पिकअपमध्ये सबमर्सिबल टाकून आला. तीनशे फुटांवरून काढलेली. चेनकप्पी, चार माणसं, अख्खा दिवस. पिकअपचं भाडं वेगळं. काकांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावला, टेबलावर मोटार फिरवून पाहिली. मोटार चांगली होती. गडबड वर होती, डीपीवरचा एका फेजचा फ्यूज गेलेला. माणूस डोक्याला हात लावून बसला. गव्हाची पेरणी खोळंबलेली, त्यात आता मोटार परत खाली सोडायची.

काका म्हणाले, "हे रोजचंच हाय ताई. मोटार उचलंना की लोक पयली काढायच्या मागं लागतेत. एक फोन केला असता तर मी जागेवरच सांगितलं असतं."

फोनवर काय सांगता, ते विचारून घेतलं. ते आधी विचारतात, पॅनलवरचे तिन्ही लाइट लागतात का. एक विझलेला किंवा मंद असेल तर फेज गेला, लाइनमनला गाठा. मंदसुद्धा सांगायचा, कारण गेलेल्या फेजवर कधीकधी मोटारीतून उलटा थोडा दाब येतो आणि दिवा फिकट पेटतो, माणसाला वाटतं लाइन आहे. तिन्ही नीट असूनही स्टार्टर पडत, म्हणजे आपोआप बंद होत असेल तर काका स्वतः जातात आणि बोरच्या तोंडाशी आलेल्या केबलला मेगर लावतात. इन्सुलेशन जाऊन वाइंडिंग जमिनीला लागलं असेल तर ते वरूनच कळतं. मोटार काढायची की नाही ते त्यानंतर. कधी काढावीही लागते, पंप अडकला असेल किंवा खालचा जॉइंट गेला असेल तर दुसरा इलाज नसतो.

म्हणजे लोकांना करायला सांगायचं ते सापडलं. "अवश्य भेट द्या" नाही. भेट द्यायला माणूस मोटार घेऊनच येतो, आणि तेच टाळायचं आहे. सांगायचं एवढंच: मोटार काढण्याआधी फोन करा. यात दुकानाचा तोटा होईल का, असंही काकांना विचारलं. म्हणाले, चांगली मोटार तपासायचे मी पैसे घेतच नाही, उलट टेबल अडून राहतं. आणि ज्याची काढायची मेहनत वाचली, तो जळालेली मोटार दुसरीकडे नेत नाही.

8 नोव्हेंबर, शनिवार

आज हिशेब मांडला. आपल्या केबलचं चित्र सेकंदाला 25 फ्रेमचं, म्हणजे दहा सेकंदांत 250. त्यातल्या शेवटच्या 10 फ्रेम मी कधीच आवाजाला देत नाही. चॅनलचं मशीन पुढची क्लिप ओढताना शेपूट थोडं चावतं, आणि शेवटच्या शब्दाचं शेवटचं अक्षर गेलं की सगळंच अर्धवट ऐकू येतं. सुरुवातीच्या 35 फ्रेम बिनबोलाच्या आवाजाला ठेवल्या, माणसाची मान टीव्हीकडे वळायला. उरल्या 205. म्हणजे 8.2 सेकंद बोलणं.

मी शब्द मोजत नाही, अक्षरं मोजते. मराठीत "काढण्याआधी" हा एक शब्द आणि "फोन" हाही एक शब्द, पण वेळ कुठे सारखा लागतो? खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसालाही कळेल असं बोललं तर श्वासासकट सेकंदाला पाच अक्षरं बसतात. माझं हे माप काकांच्या आवाजावर ताडून पाहिलं, जमलं. म्हणजे 41 अक्षरं हातात आहेत.

मग मोबाइल नंबर बोलून पाहिला. एकेक आकडा इंग्रजीत, आपण सगळे बोलतो तसा: साडेचार सेकंद. मराठी जोड्यांत, "अठ्ठ्याण्णव बावीस" अशा चालीवर: त्याहून जास्त, आणि एकोणसाठ-एकोणसत्तर ऐकताना माणूस हमखास चुकतो. नंबर बोलला तर फोन का करायचा हे सांगायला पावणेचार सेकंदच उरतात. नंबर बोलायचा नाही, फक्त दाखवायचा, असं ठरवलं. पण मग तो शेवटी दोन सेकंद चमकवून उपयोग नाही. घड्याळ लावून पाहिलं: दहा आकडे वाचून मोबाइलवर दाबायला माझ्या भावाला नऊ सेकंद लागले. म्हणून नंबर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत एकाच जागी, पाच-पाच आकड्यांच्या दोन तुकड्यांत. चित्र मागे बदलत राहील, नंबर हलणार नाही.

पहिला खर्डा मी असा केला होता: "मोटार नुसती घुंघुं करते?" काकांना फोनवर ऐकवला. ते थांबले, मग म्हणाले, "ताई, ही विहिरीवरच्या मोनोब्लॉकची गोष्ट झाली. बोरची मोटार तीनशे फूट पान्यात. तिचा आवाज वर कुटून यायचा?" चूक माझी. बोरवाल्याला वर दिसतं ते एवढंच: हिरवं बटण दाबलं की अँपिअरचा काटा टोकाला जातो आणि थोड्या वेळात स्टार्टर पडतो. आणि तो म्हणतो, "मोटार उचलत नाही." ओळ मग तिथूनच घेतली.

"बोरची मोटार उचलत नाही?" बारा अक्षरं.
"वर काढण्याआधी फोन करा." अकरा.
दुकानाचं नाव पाच, "वाइंडिंग" चार. नऊ.
"बसस्टँडच्या मागं, सेलू." नऊ.

एकूण 41. देवीचं नाव, बावीस वर्षं, यादी, माफक दर, सगळं गेलं. काकांना सगळ्यात जड गेलं ते देवीचं नाव. मी सांगितलं की शेवटच्या चित्रात दुकानाचं शटर दिसणारच आहे, त्यावर देवी रंगवलेली आहे, ती तशीच राहील. त्यावर ते हो म्हणाले.

10 नोव्हेंबर, सोमवार

शूटिंग. दुकानातच, टेस्टिंगच्या टेबलाशेजारी जुना स्टार्टर भिंतीला ठोकून. फेज काढणं, जोडणं सगळं काकांनी केलं, मी कॅमेऱ्याच्या मागे. दोन फेजवर मोटार सुरू व्हायचा प्रयत्न करते तेव्हा करंट कितीतरी पट चढतो आणि ती फिरत नसल्यामुळे तो खालीही येत नाही. सगळी उष्णता वाइंडिंगमध्ये मुरते. काका दर टेकला तीन सेकंदांवर देत नव्हते. "शूटिंगपायी मोटार जाळायची का?" चार टेक घेतले, मधे मधे मोटार गार होऊ दिली.

कॅमेऱ्याला 25 फ्रेम लावूनच शूट केलं. मागे एकदा एका कापडाच्या दुकानाची जाहिरात मोबाइलवर 30 फ्रेमने घेतली होती. मोबाइल तर नेमके 30 सुद्धा ठेवत नाही, उजेड कमी झाला की कमी-जास्त करतो. 25 वर आणताना हलत्या चित्राला झटके आले आणि ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. लांब व्हिडिओत सांभाळता येतं. दहा सेकंदांत एक झटकाही डोळ्यावर येतो.

आवाज काकांचाच घेतला. परभणीहून आवाज देणारे मिळतात, गोडही असतो, पण ज्याला फोन करायचा त्याचाच आवाज ऐकलेला असावा, असं माझं ठाम मत आहे. फोन उचलल्यावर माणूस ओळखीचा वाटतो. काकांचं पहिलं वाचन साडेअकरा सेकंदांचं झालं, कारण ते "फोन करा" नंतर थांबून माझ्याकडे बघायचे. सातव्या वेळेला 8 सेकंद आणि 5 फ्रेम. तेच घेतलं.

11 नोव्हेंबर, मंगळवार

जोडणी. टाइमलाइनवर दहा सेकंदांचा तुकडा `00:00:10:00` वर संपल्यासारखा दिसतो, पण शेवटची फ्रेम `00:00:09:24` असते, कारण मोजणी शून्यापासून होते. नवीन पोरं इथेच एक फ्रेम जास्त देतात, फाइल 251 ची होते आणि मशीन ती वीस सेकंदांच्या खात्यात टाकतं किंवा परत पाठवतं.

चित्रांची वाटणी अशी झाली. पहिल्या 35 फ्रेममध्ये बोट हिरव्या बटणावर, खट, काटा टोकाला, ठक. खरं तर ओव्हरलोड, म्हणजे करंट वाढला की स्टार्टर पाडणारा भाग, इतक्या लवकर पडत नाही, काकांनी ते लगेच बोलून दाखवलं. पण काट्याच्या शॉटवर मधे एक कट आहे, त्यामुळे मधला वेळ गेला हे पाहणाऱ्याला समजतं. मग 60 फ्रेम प्रश्नाच्या, 55 "वर काढण्याआधी फोन करा"च्या, उरलेल्या 90 दुकानाच्या आणि पत्त्याच्या, शेवटच्या 10 शांत.

हेडफोनवर स्टार्टरची गुणगुण फार छान येत होती. घरच्या टीव्हीवर लावून पाहिलं तर ती गायब. आपली लाइन 50 हर्ट्झची, म्हणून तिच्या चुंबकाची गुणगुण 100 हर्ट्झला असते, आणि टीव्हीचे इवलेसे स्पीकर तेवढ्या खाली जातच नाहीत. तिथे नुसती पोकळी उरली होती. काल एका टेकला स्टार्टरचं पत्र्याचं झाकण थोडं सैल राहिलं होतं आणि ते थरथरत होतं. तो टेक मी खराब म्हणून बाजूला ठेवला होता. पत्र्याची थरथर वरच्या सुरात असते, ती टीव्हीवर स्वच्छ आली. तोच घेतला.

काकांना एकूण आवाज आणखी मोठा हवा होता, आजूबाजूच्या जाहिराती ओरडतात म्हणून. नाही केला. त्याच सातव्या नियमात जाहिरातीचा आवाज अति मोठा नको असंही आहे. आणि "खट" ऐकू यायला त्याआधी थोडी शांतता लागते. सगळंच मोठं केलं तर ते "खट" त्यात बुडून जातं.

12 नोव्हेंबर, बुधवार

काल रात्री काकांचा फोन आला होता. त्यांना एक गोष्ट राहून राहून टोचत होती: "स्टार्टर पडला की लोक पुन्हा पुन्हा बटन दाबतेत. त्यानंच जळती मोटार. आधी ते थांबवा म्हना." म्हणणं शंभर टक्के बरोबर. मी ओळ बदलून पाहिली: "बटण दाबू नका. काढू नका. फोन करा."

आज ती बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर लॅपटॉपवर सहा जणांना दाखवली. एकदाच. मधे इकडची-तिकडची थोडी गप्पा मारली आणि मग विचारलं, काय करायला सांगितलं? चौघं म्हणाले, "बटन दाबू नका." एक म्हणाला, "मोटार काढू नका." फोन एकालाच आठवला. तीन हुकूम दिले की माणूस पहिला धरतो आणि बाकीचे सोडतो. आणि सुटला तो नेमका दुकानाचा.

दुपारी दुकानात जाऊन आणखी एक शॉट घेतला. स्टार्टर पडल्यावर एक हात पुन्हा हिरव्या बटणाकडे जातो आणि दुसरा हात त्याचं मनगट धरतो. बस. प्रश्नाच्या 60 फ्रेममध्ये हे चित्र, आवाजात मात्र जुनीच ओळ. एक गोष्ट डोळ्याला, एक कानाला. संध्याकाळी दुसऱ्या सहा जणांना दाखवलं. पाच जणांनी "काढायच्या आधी फोन" सांगितलं. हाताबद्दल मी विचारलंच नव्हतं, तरी तिघं आपणहून म्हणाले, "आन् सारखं बटन नाई दाबायचं."

14 नोव्हेंबर, शुक्रवार

फाइल काल दिली, आज रात्री पहिल्यांदा लागली. मी, भाऊ आणि काका त्यांच्या घरी टीव्हीसमोर. चित्र आलं, खट-ठक आलं, काकांच्या नातवाने टाळ्या वाजवल्या. आणि नंबर दिसलाच नाही. चॅनलची बातम्यांची पट्टी खालून सरकत होती, ती जाहिरातीच्या वेळीही चालूच राहते. नंबर बरोबर तिच्याखाली.

मला याचं फार वाईट वाटलं. नंबर दहा सेकंद ठेवायचा म्हणून सगळी जाहिरात त्याच्याभोवती बांधली, आणि तोच झाकला गेला. आधी एक तास तोच चॅनल बसून पाहिला असता तर ही पट्टी दिसली असती. टीव्हीचा फोटो काढून मोजलं: 576 ओळींपैकी खालच्या 96 पट्टी खाते. उजव्या वरच्या कोपऱ्यात चॅनलचं चिन्ह. नंबर पट्टीच्या वर, मध्यभागी, काळ्यावर पिवळा असा घेतला आणि रात्रीच नवी फाइल दिली.

15 नोव्हेंबर, शनिवार

नंबर दिसला. पूर्ण. "सेलू" मधला "लू" सुद्धा कापला गेला नाही.

22 नोव्हेंबर, शनिवार

आठवडा झाला. काकांनी वहीत फोन लिहून ठेवले आहेत, मीच सांगितलं होतं. टीव्ही पाहून म्हणणारे अकरा. त्यातले सात जण विचारत होते, "काढू का नको?" दोघांच्या पॅनलवर एक दिवा विझलेला निघाला. तिघांकडे काका मेगर घेऊन गेले, एकाची मोटार काढावी लागली आणि ती दुकानात आली. दोन फोन भलतेच, एकाला मिक्सर दुरुस्त करून हवा होता.

पण वहीत मला दुसरंच काही दिसलं. सगळे फोन सकाळी सात ते नऊच्या दरम्यानचे. काका म्हणाले, "लाइन रात्रीची असती. रात्री बाराला मोटार उचलत नाही, पन एवढ्या रात्री कसा फोन करावा म्हनून लोक सकाळपर्यंत थांबतेत, न्हाईतर बटन दाबीत बसतेत. रात्री पन करा म्हनाव. मी उचलतो." पासष्टीच्या माणसाने हे म्हणावं, आणि मनापासून.

"रात्रीही" तीन अक्षरं. जागा कुठून काढायची? "सेलू" काढला. ही केबल सेलू आणि आजूबाजूच्या काही गावांपुरतीच आहे, इथल्या माणसाला बसस्टँड कोणतं ते सांगावं लागत नाही. दोन अक्षरं मिळाली. "बसस्टँडच्या मागं"चं "बसस्टँडमागं" केलं, आपण बोलतोही तसंच. तिसरं मिळालं.

"बोरची मोटार उचलत नाही? वर काढण्याआधी फोन करा. रात्रीही." नाव आणि पत्ता धरून पुन्हा 41.

काकांना संध्याकाळी बोलावून फक्त तो एक शब्द आणि पत्ता नव्याने रेकॉर्ड केला. जुन्या आवाजाशी जुळावं म्हणून माइक त्याच जागी, त्याच टेबलावर, पंखा बंद करून. 250 फ्रेम. फाइल नऊच्या आत दिली.